५७ गोळे सरकले, एका आकड्याकडे न बघितल्याने

डोकं फिरलंय माझं. भाचा दोन वर्षं पहाटे चारला उठून १६०० मीटर धावला, मैदानी काढली, आणि पोलीस भरतीच्या लेखी पेपरात माती खाऊन धुळ्याहून परत आला. अभ्यास कमी पडला असता तर गप्प बसलो असतो. पोराला उत्तरं येत होती!

४३वा प्रश्न त्याने नंतर बघू म्हणून सोडला. ४४चं उत्तर काढलं आणि उत्तरपत्रिकेवर शेवटच्या काळ्या गोळ्याखालची मोकळी ओळ दिसली तिथे भरलं. ती ओळ ४३ची! तिथून सगळं एक घर वर सरकलं. १००वा प्रश्न संपला तरी १००वी ओळ कोरीच, तेव्हा याला घाम फुटला. ४३ ते ९९, सत्तावन्न ओळी. बॉलपेनची शाई, खोडता येत नाही. शेजारी दुसरा गोळा काळा केला तर ते उत्तरच बाद. चार पर्यायांत एखादं नशिबाने जुळतं, म्हणजे ५७ पैकी चौदा-पंधरा मार्क. बाकी गेले पाण्यात.

"मामा, घाई होती ना." अरे भो, कसली घाई? पाचाच्या पटीतला गोळा काळा करण्याआधी थांबायचं. पुस्तिकेतला आकडा मनात म्हणायचा, पेनचं टोक ओळीच्या आकड्यावर ठेवायचं, तोच आहे का बघायचं. ४५ भरताना थांबला असता तर टोक ४४वर दिसलं असतं. एकच गोळा चुकला असता, एकच! शंभर प्रश्नांत अशा वीस तपासण्या. तीन-तीन सेकंद धरले तरी एक मिनिट. पेपर ९० मिनिटांचा!

आणि ४५च सोडला तर? मग ती तपासणी हुकते, ५०ला चूक सापडेपर्यंत चार ओळी जातात. म्हणून प्रश्न सोडला की पुढचा पहिला गोळा आकडा जुळवल्याशिवाय भरायचाच नाही. सोडलेल्या प्रश्नाला खूण करायची ती पुस्तिकेत. उत्तरपत्रिकेवर टिंबसुद्धा नको, मशीन तेही वाचू शकतं.

सगळ्यात जास्त चीड त्या क्लासची येते. हजारोंनी फी घेतली, सराव पेपर घेतले ते सगळे वहीत अ-ब-क-ड लिहून! वहीत प्रश्नाचा नंबर पोरगा स्वतः लिहितो, तिथे ओळ सरकणार कशी? खऱ्या गोळ्यांच्या कागदावर एकदाही बसवलं नाही. काल जळगावहून झेरॉक्सचा गठ्ठा आणला मी. आज त्याला मुद्दाम १२, ४५ आणि ७० सोडायला लावले. ४५ला परत सरकला. बहीण म्हणते, राहू दे आता, जेवू दे त्याला. जेवेल, आधी दुसरा कागद घे म्हटलं.