वायरलेस माईकची वायर

परवा मी 52 मिनिटांची मुलाखत घेऊन घरी आलो, ऐकायला बसलो, आणि तिसऱ्या मिनिटाला कान काढून टेबलावर ठेवावेत असं वाटलं. अजूनही वाटतंय.

मुलाखत तात्यांची. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. मी माझा साधा वायरचा कॉलर माईक आणि छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. तात्या तयार, खुर्ची तयार, प्रश्न तयार. नको तो एकच माणूस तयार होता, तो म्हणजे तात्यांचे मेहुणे. घरात सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणालो. संध्याकाळपर्यंत मामा माझाच झाला, ती गोष्ट वेगळी.

मी वायर उलगडताच मामांनी चष्म्यावरून पाहिलं.

"वायर?"

"हो."

"अजून?"

या 'अजून'मध्ये एवढी कीव होती की मला माझा माईक, माझा शर्ट आणि माझं शिक्षण, सगळ्याचीच लाज वाटली. मामा आत गेले आणि स्वतःचा वायरलेस सेट घेऊन आले. काड्यापेटीएवढा ट्रान्समीटर, तेवढाच रिसीव्हर. मग त्यांनी ट्रान्समीटरच्या भोकात एक छोटा माईक खोचला. त्या माईकला हातभर वायर होती.

"मामा, ही वायर..."

"ही वायरलेसची वायर आहे," मामा म्हणाले.

यावर काय बोलणार? मामा वायरमुक्त जगावर भाषण देत होते आणि त्याच वेळी तात्यांच्या शर्टात वायर कोंबत होते. तात्या गुदगुल्या झाल्यासारखे आक्रसून बसले होते. शेवटी ट्रान्समीटर तात्यांच्या मागच्या खिशात गेला आणि तात्या त्यावर ऐसपैस बसले.

इथेच मी ओरडायला हवं होतं. हे सेट बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि या लहरींना माणूस म्हणजे पाण्याने भरलेलं पिंप. रिसीव्हर समोर माझ्या रेकॉर्डरला, ट्रान्समीटर मागे, मध्ये अख्खे तात्या. दोघांना एकमेकांचं तोंड दिसलं पाहिजे, म्हणजे ट्रान्समीटर पुढच्या बाजूला, पट्ट्याला वगैरे हवा. वायरच्या माईकला या भानगडी नाहीत. त्याचा एकच दुर्गुण, तो माणसाला खुर्चीला बांधून ठेवतो. विसाव्या मिनिटाला तात्या कपाटातलं जुनं घड्याळ आणायला उठले, तेव्हा मामांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. वायर असती तर रेकॉर्डर तात्यांच्या मागोमाग फरपटत गेला असता, हे मान्य. एवढा एक गुण मामांना दिला. यापुढे एकही देणार नाही.

क्लिप मात्र मी स्वतः लावली, त्यामुळे ते पाप माझं. मुळात दोष 'कॉलर माईक' या नावाचा आहे. नाव ऐकलं की हात आपोआप कॉलरकडे जातो. तिथे माईक हनुवटीच्या आडोशाला बसतो, आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो, आणि माणसाने मान फिरवली की एकदम लहान होतो. त्याची जागा छातीच्या मधोमध, हनुवटीपासून वीतभर खाली, म्हणजे पंधरा-वीस सेंटिमीटरवर. एवढं मला ठाऊक होतं आणि मी तिथेच लावला. मामांनी लगेच पुढे येऊन माईकचं तोंड वर, तात्यांच्या तोंडाकडे वळवलं. असले बरेचसे माईक चहूकडून सारखंच ऐकतात, तोंड कुठेही असो. पण मामांना समाधान लागतं.

मला जे दिसलं नाही, ते म्हणजे तात्यांचा चष्मा. दोरीला अडकवलेला, बरोबर छातीवर लोंबणारा.

तपासणी मी केली होती. तात्यांना म्हणालो, "एक दोन तीन म्हणा." तात्या ताठ बसून, शाळेत हजेरी दिल्यासारखे, "एक दोन तीन" म्हणाले. स्वच्छ आवाज. पण एक दोन तीन म्हणताना कुठला माणूस मान डोलावतो? मुलाखतीत तात्या प्रत्येक मोलाच्या वाक्याला मान डोलावतात, आणि चष्मा माईकवर टक् आपटतो. वाक्य जितकं मोलाचं, तितका टक् मोठा. "मग मी ठरवलं की हे दुकान" टक्, "कधीच" टक् टक्. तपासणी म्हणून मी त्यांना सकाळपासून काय काय केलंत एवढं विचारलं असतं, तर ते मान डोलावून, हातवारे करून, खुर्चीत रेलून बोलले असते आणि तेव्हाच सगळं बाहेर आलं असतं.

वायरही मी सरळ खाली सोडली होती. तिचा छोटा वळसा करून तो क्लिपच्या दातात अडकवायचा असतो, म्हणजे खालून ओढ बसली तर ती वळशातच जिरते. नाहीतर वायर शर्टाला घासते आणि तो ढब् ढब् थेट माईकपर्यंत चढतो. हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. माहीत असून न करण्याला शास्त्रात काय म्हणतात ते मामांनाच विचारायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, हेडफोन नव्हता का? होता. मामांच्या कानावर होता.

"तुम्ही प्रश्न विचारा, आवाज मी सांभाळतो," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि 52 मिनिटं माझ्याकडे अंगठा दाखवत बसले. डोळे मिटून, मैफलीत बसल्यासारखे. मला बरं वाटत होतं हो, खोटं कशाला बोलू!

रात्री ऐकताना रोगनिदान सोपं होतं. हालचालीबरोबर येणारा टक् चष्म्याचा, ढब् वायरचा. आणि अधूनमधून जिथे काहीच नाही, श्वास नाही, पंखा नाही, नुसतं कापून काढल्यासारखं भोक, तिथे तात्या मागे रेललेले आणि ट्रान्समीटर दबलेला. टक् थोडाफार झाकता येतो. भोकात काय होतं ते आता फक्त तात्यांना माहीत, आणि त्यांनाही ते आठवत नाही, मी विचारलं. काही सेटमध्ये ट्रान्समीटर स्वतःही रेकॉर्ड करून ठेवतो. मामांच्या सेटमध्ये ती सोय होती. चालू नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मामांना फोन केला. शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "मामा, तुम्हाला तो टक् टक् ऐकू आला नाही?"

"आला की."

"मग?"

"अहो, घड्याळवाल्याचं घर. मला वाटलं घड्याळं आहेत."

"आणि मधे आवाजच बंद होत होता?"

"तात्या विचार करत होते."

"मामा, त्यांचं तोंड हलत होतं!"

"माझे डोळे मिटलेले होते," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, मोठ्या मनाने, "जाऊ द्या. चष्मा काढायला तुम्हीच सांगायला हवं होतं, क्लिप तुम्ही लावलीत."

हे खरं आहे, आणि म्हणूनच मी दोन दिवस धड जेवलो नाही. तात्या बिचारे पुन्हा बसायला तयार झाले, रविवारी. मी माझा वायरचा माईक पिशवीत भरला, वळसा आधीच घालून ठेवला. तेवढ्यात मामांचा फोन.

"रविवारी किती वाजता येऊ? आणि हेडफोन तुमचा तो त्या दिवशीचाच आणा, कानाला छान बसतो."