किडनीची सिस्ट सोडा, आधी अॅड्रिनलची ओळ वाचा

"सोनोग्राफीत किंवा सीटीत किडनी, लिव्हर, अॅड्रिनल कुठंही गाठ निघाली की कॅन्सरची सुरुवात समजा. लगेच सुई घालून तपासा आणि काढून टाका. त्रास नाही म्हणून थांबलात तर पसरेल."

हा मेसेज मोबाईलवर उघडून दाखवतच एक यंत्रमागवाले काका मार्चमध्ये माझ्याकडे आले, वय 56. सोलापूरचं ऊन, दिवसभर मागावर उभं राहायचं, पाणी कमी, मुतखडा उठला म्हणून साधा सीटी काढलेला. खडा पडून गेला, पण रिपोर्टात तीन ओळी जास्तीच्या आल्या: किडनीत 3 सेंटिमीटरची सिस्ट, लिव्हरमध्ये 1 ची, आणि डाव्या अॅड्रिनलवर, म्हणजे किडनीच्या वर बसलेल्या हार्मोनच्या ग्रंथीवर, 1.8 ची गाठ. घरचे सगळे किडनीलाच धरून बसलेले, कारण आकडा तिचा मोठा.

आता कॅन्सरचं. पातळ भिंत, आत नुसतं पाणी, अशी सिंपल सिस्ट पन्नाशीनंतर खूप जणांना असते आणि तिला काहीच करायचं नसतं, ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढली तरी त्याला पसरणं म्हणत नाहीत. भिंत जाड असेल, आत पडदे असतील, घट्ट भाग सीटीचं औषध शिरेतून दिल्यावर उजळत असेल तरच पुढं जायचं. काकांच्या दोन्ही सिस्ट साध्या होत्या.

सुईचं मात्र ऐका, लिव्हरमधली सिस्ट हायडॅटिड असली (कुत्र्यामेंढ्यांमुळं होणारी, आपल्या भागात ध्यानात ठेवावीच) आणि तयारी न करता टोचली तर आतलं पाणी सांडून जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते. अॅड्रिनलची काही गाठ अॅड्रेनलिन सोडणारी असते, तिला टोचलं तर बीपी भडकतो.

काकांच्या अॅड्रिनलच्या गाठीची घनता 6 एचयू होती, एचयू म्हणजे सीटीत घनता मोजायचं एकक. साध्या सीटीत एकसारखी आणि 10 किंवा खाली म्हणजे आत चरबी, कॅन्सरची भीती जवळजवळ संपली. 4 सेंटिमीटरच्या वर, 20 एचयूच्या वर किंवा आधी कुठला कॅन्सर झालेला असेल तर हिशोब वेगळा.

पण मी विचारलं, काका, बीपीच्या गोळ्या किती? म्हणाले, "तीन, तरी 160 च्या खाली येईना ओ." रक्तातलं पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी, तेही लघवी वाढवणारी गोळी चालू नसताना! अॅड्रिनलमधून येणारं अल्डोस्टेरॉन हार्मोन वाढलेलं, आणि त्याला एरवी चालना देणारं किडनीतलं रेनिन जवळपास शून्य. रात्री 1 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी अॅड्रिनलचंच दुसरं हार्मोन, कॉर्टिसॉल, बघितलं, ते नॉर्मल. म्हणजे जास्तीचं अल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवत होतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जात होतं.

ऑपरेशन करायचं तर आधी दोन्ही अॅड्रिनलच्या शिरांतलं रक्त तपासावं लागतं, कारण गाठ डावीकडं दिसली म्हणून हार्मोन तिथूनच येतंय असं नसतं. काकांना ऑपरेशन नको होतं, म्हणून अल्डोस्टेरॉनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन गोळी चालू केली. दोन महिन्यांत बीपी 134, पोटॅशियम 4.4, आणि जुन्यातल्या दोन गोळ्या बंद. ह्या गोळीनं पोटॅशियम उलट जास्तही वाढू शकतं, म्हणून रक्त परत परत तपासायला त्यांना बोलावतो.