काकांचा डावा गाल

काकांना सुट्टीच्या दिवशी खिडकीशेजारी बसवलं, कारण खिडकीचा उजेड चेहऱ्याला छान असतो असं मला वाटत होतं. तसा तो छान असतोच, पण चेहऱ्याच्या एकाच बाजूला. फोटो बघून काकूंनी विचारलं, "आणि ह्यांचा बाकीचा अर्धा कुठे गेला?"

अर्धा तिथेच होता, अंधारात. खिडकी काकांच्या उजव्या हाताला, त्यामुळे उजवा गाल दुधासारखा आणि डावा शाईत बुडवल्यासारखा. मोजून पाहिलं तर फरक जवळजवळ तीन स्टॉपचा, म्हणजे आठपट उजेडाचा. काकांचा स्वभाव मात्र दोन्ही बाजूंनी सारखाच आहे. म्हटलं, फोटो सुधारायला लाइटरूम आहे, त्यात Linear Gradient आहे, दोन मिनिटांचं काम.

मास्क म्हणजे फोटोचा जेवढा भाग बदलायचा तेवढाच निवडणं, आणि हा ग्रेडियंट मास्क म्हणजे एक उतार. जिथून ओढायला सुरुवात करता तिथे परिणाम पूर्ण, मधल्या रेषेवर निम्मा, जिथे सोडता तिथे शून्य. मी डाव्या कानापासून नाकापर्यंत ओढला आणि Exposure +2 केलं. गाल उजळला, पण उतार आखूड ठेवल्यामुळे कपाळावर अशी उभी शीव उमटली की काकांना मधोमध दुमडून खिशात ठेवलं होतं की काय असं वाटावं. म्हणून उतार लांबवला, तर तो थेट उजव्या गालावर पोहोचला आणि आधीच पांढरा असलेला गाल पार भाजून निघाला.

खरा अडथळा होता नाक. उतार बिचारा सपाट, त्याला चेहऱ्यातले डोंगर दिसत नाहीत. सावलीची कड नाकाच्या दांड्यावरून उभी कापत जाते, आणि नाकाचा शेंडा मात्र पुढे येऊन उजेडात उभा असतो. मधली रेषा तिथेच पडल्यामुळे शेंड्याला निम्मा जादा उजेड मिळाला आणि काकांचं नाक शून्य वॅटच्या दिव्यासारखं चमकू लागलं. O दाबून मास्कचा लाल रंग बघितला तेव्हा कळलं: नाक, मिशी, अर्धी भिंत, मागचं कपाट, सगळे लाल. मी गालासाठी बोलावलं होतं आणि आख्खं बिऱ्हाड जेवायला आलं होतं.

यावर उपाय म्हणजे त्या मास्कला Luminance Range ची, म्हणजे उजेड किती आहे त्यावरून निवडणारी, चाळण लावणं. चाळण गडद टोकाला ठेवून Intersect केलं, की उतारातला फक्त गडद भाग शिल्लक राहतो आणि उजेडातला नाकाचा शेंडा आपोआप बाहेर पडतो. चाळणीची कड मात्र मऊ ठेवावी लागते, नाहीतर नाकाच्या कडेने कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसते. कपाट काही चाळणीने जाईना, कारण ते स्वतःच काळं. ते ब्रशने खोडावं लागलं, आणि ते करताना काकांच्या कानाची पाळीही थोडी अंधारात गेली. ती परत आणली.

आता उतार चेहऱ्याच्या कलाप्रमाणे थोडा तिरपा केला. काका मान वाकडी करून बसतात, सरळ रेषा त्यांना मानवत नाही.

मग कावीळ. अंधाऱ्या बाजूला खोलीतला पिवळा बल्ब चालू होता. अंधारात तो गप्प होता, पण गाल उजळताच त्याचा पिवळेपणाही वर आला. एक गाल खिडकीच्या निळसर उजेडात, दुसरा तपासणीला पाठवण्यासारखा. मास्कमध्येच Temp थोडा निळ्याकडे सरकवला तेव्हा दोन्ही गाल एका घरातले वाटू लागले. बल्ब बंद करायला बोटभर कष्ट पडले असते, हे मला त्यावेळी का सुचलं नाही ते विचारू नका.

उत्साहात दोन्ही गाल अगदी सारखे केले आणि काका पासपोर्टच्या फोटोसारखे चपटे झाले. नाकाची सावलीच गेली, तर नाक तरी कशावर उभं राहणार? Exposure +1.20 वर आणलं, उजव्या गालासाठी उलट्या बाजूने दुसरा उतार घेऊन तिथे −0.40 केलं. फरक जवळपास निम्मा झाला, सावली सावलीच राहिली आणि डावा डोळा दिसू लागला.

फक्त त्या गालावर रवाळ दाणे उठले होते. अंधारात मुळातच उजेड कमी टिपला जातो, तो वर ओढला की दाणेही वर येतात. दाणे पुसणारं Noise साठाला नेलं. गाल लोण्यासारखा. विजयी मुद्रेने काकूंना दाखवला.

काकूंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "ह्यांच्या गालावरचा तीळ कुठाय?"

Noise वीसवर आणलं. तीळ आला, पण एकटा नाही, आणखी दीडशे घेऊन.