कुशन स्क्रू आवळल्याने दणका थांबत नाही

«सिलेंडर शेवटाला आपटतोय? सोपं आहे. कुशन स्क्रू पूर्ण आवळा, जेवढा घट्ट तेवढं कुशन जास्त. तरी आवाज आला तर प्रेशर उतरवा. तरीही आपटला तर कुशन सील गेलंय, किट बदला. शॉक अॅब्सॉर्बर लावणं म्हणजे पैसे वाया.»

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. आधी त्यातलं स्क्रूचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. एअर सिलेंडरच्या पिस्टनला लागून एक जाडसर बुश असतो. स्ट्रोकचे शेवटचे वीस-बावीस मिलिमीटर उरले की तो एंड कॅपमधल्या कुशन सीलमध्ये शिरतो आणि हवा बाहेर जाण्याचा मोठा रस्ता बंद होतो. पिस्टन आणि कॅपच्या मध्ये अडकलेल्या हवेला मग एकच वाट उरते, ती कुशन स्क्रूच्या टोकाजवळून. ही हवा दाबली जाते, पिस्टनला अडवते आणि हळूहळू निघून जाते. त्यातलं ‘निघून जाते’ हे तितकंच महत्त्वाचं आहे. स्क्रू पूर्ण आवळला तर हवेला जायला जागाच राहत नाही, आणि कोंडलेली हवा म्हणजे स्प्रिंग. तिचा दाब लाइनच्या प्रेशरच्याही वर चढतो, पिस्टन कॅपच्या अलीकडेच थबकतो, मागे ढकलला जातो आणि पुन्हा पुढे सरकतो.

हे नुसत्या डोळ्यांना नेहमी दिसतंच असं नाही. स्लाइडवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, टेप चार-पाच मिलिमीटर मागे येऊन परत पुढे जाताना स्वच्छ दिसते. मशीनला याचा त्रास दुसऱ्या रूपात होतो. पिस्टन पोचल्याचा सिग्नल देणारा रीड स्विच एकदा लागतो, सुटतो, परत लागतो. नाहीतर पिस्टन शेवटाला पोचतच नाही आणि मशीन चालवणारा पीएलसी सिग्नलची वाट बघत टाइमआउटचा अलार्म देतो. मग लोक रीड स्विच बदलतात. शिवाय प्रत्येक स्ट्रोकला तो चढलेला दाब कुशन सीलच्या ओठावर बसतो, म्हणजे घट्ट आवळलेल्या स्क्रूने सील उलट लवकर जातं. हायड्रॉलिक सिलेंडरवर तर हा सल्ला कुणी पाळूच नये. तेल हवेसारखं दबत नाही, त्यामुळे कोंडलेल्या तेलात दाब एका झटक्यात उसळतो आणि त्याचा मार एंड कॅपला बसतो.

स्क्रू लावायची रीत अशी आहे. हवेची वाट कमी-जास्त करणारा फ्लो कंट्रोल कमी करून मशीन हळू चालवा, स्क्रू जवळजवळ बंद ठेवा, आणि मग खरा जॉब बसवून, खऱ्या वजनासह, वेग थोडा थोडा वाढवत न्या. प्रत्येक वेळी स्क्रू पाव फेरा उघडायचा किंवा बंद करायचा आणि चार-पाच स्ट्रोक बघायचे. पिस्टन न उसळता आणि न आपटता, एका सलग हालचालीत कॅपला टेकला की तिथे थांबा. रिकाम्या स्लाइडवर लावलेलं कुशन जॉब चढल्यावर उपयोगाचं राहत नाही. आणि हवा चालू असताना स्क्रू फार बाहेर काढू नका, चेहरा तर त्याच्या रेषेत मुळीच नको. काही जुन्या सिलेंडरांत त्याला अडवणारी रिंग नसते, तो गोळीसारखा सुटतो.

प्रेशर उतरवल्यावर पिस्टनमागचा रेटा कमी होतो, एवढं त्या सल्ल्यात खरं आहे. पण वेग? बहुतेक मशीनवर फ्लो कंट्रोल बाहेर जाणाऱ्या हवेवर लावलेला असतो. प्रेशर सहावरून चार बार केलं की बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब घटतो आणि ती तितकीच विरळही होते, त्यामुळे त्या बारीक वाटेतून पिस्टन जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने हवा बाहेर ढकलत राहतो. वेग तोच, वजन तेच, म्हणजे शेवटाला पोचणारी ऊर्जाही तीच. त्यात कुशनचं नुकसान होतं ते वेगळंच. पिस्टनच्या पुढे जी दाबाखालची हवा असते तिच्यावरच कुशनची सुरुवात होते. तीन-साडेतीन बारवर अडकलेली हवा लगेच जोर धरते. दीड बारवरची हवा जोर धरेपर्यंत निम्मा कुशन संपलेला असतो. दोन बार उतरवून क्लॅम्पची पकड मात्र एक तृतीयांश गेली.

हे पटत नसेल तर सकाळी मशीनजवळ उभे राहा. रात्रभर हवा बंद होती, सिलेंडरच्या दोन्ही बाजू रिकाम्या. मेन व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिला स्ट्रोक धाडकन आपटतो आणि पुढचे सगळे नीट चालतात. स्क्रू तोच, सील तेच. पहिल्या स्ट्रोकला समोर हवाच नव्हती, एवढाच फरक. त्यावर हवा गाळून प्रेशर ठरवणाऱ्या एफआरएलजवळ, हवा हळूहळू भरणारा सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह लावायचा असतो. याच कारणाने, वेग वाढवायला सिलेंडरच्या तोंडाशी हवा तिथूनच झटकन बाहेर सोडणारा क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लावला की कुशन दुबळा पडतो. फ्लो कंट्रोल उलटा बसून आत येणाऱ्या हवेला अडवत असेल तरीही तसंच होतं.

सील गेलंय की नाही, हे सिलेंडर न खोलता कळतं. स्क्रू एकदा पूर्ण आत, एकदा दोन फेरे बाहेर, असं करून बघा. दोन्ही वेळा दणका अगदी सारखाच बसत असेल तर हवा दुसरीकडून पळतेय, आणि सीलवर संशय घ्यायला जागा आहे. फरक पडत असेल तर सील काम करतंय, किट मागवू नका. आणखी एक खूण फार कमी जण बघतात. बऱ्याच सिलेंडरांत हे सील एकाच दिशेने अडवतं: पिस्टन येताना हवा रोखतं, परत निघताना सोडतं. नवीन किट बसवताना ओठ उलट बाजूला गेला तर शेवटाला दणका तसाच राहतो आणि परतीचा स्ट्रोक सुटताना सिलेंडर जागीच रेंगाळतो, कारण सगळी हवा स्क्रूच्या बारीक वाटेनेच आत घ्यावी लागते. किट बदलल्यावर ही दोन लक्षणं एकत्र दिसली तर नवं किट सदोष आहे असं समजू नका, ते उलटं बसलंय.

आता ज्या दणक्यासाठी दोन किटं खर्ची पडली त्याबद्दल लिहितो. भोसरीतल्या एका शॉपमध्ये जॉब पुढे सरकवणारी स्लाइड होती. ६३ मिलिमीटर बोअरचा सिलेंडर, ३०० मिलिमीटर स्ट्रोक, स्लाइड, फिक्स्चर आणि जॉब मिळून ४० किलो. मागे येताना वेग कमी ठेवलेला होता, आवाज नव्हता. पुढे जाताना मात्र असा ठोका की शेजारच्या टेबलावरचा व्हर्निअर हलायचा. पुढचा स्क्रू तळाला टेकेपर्यंत आवळलेला होता. दोन फेरे सोडला तरी आवाजात फरक नाही, म्हणून सगळ्यांनी सीललाच दोष दिला. मीही आधी तोच दिला असता. पण पुढच्या स्टॉपर बोल्टचं डोकं चपटं होऊन आरशासारखं चमकत होतं, आणि त्याचा चेकनट दर आठवड्याला ढिला होतो असं फिटर म्हणाला. मऊ थांबणारी स्लाइड बोल्टचं डोकं चपटं करत नाही.

हवा बंद केली, स्लाइड हाताने स्टॉपरला टेकवली आणि रॉड किती बाहेर आला ते मोजलं. २८१ मिलिमीटर. सिलेंडर ३०० चा, कुशन शेवटच्या २२ मिलिमीटरचा, म्हणजे तो सुरू होतो २७८ वर. कुशनला काम करायला मिळत होते जेमतेम तीन मिलिमीटर, आणि त्याआधीच स्लाइड लोखंडावर लोखंड आदळत होती. स्क्रू फिरवून फरक न पडण्याचं हे दुसरं कारण, आणि सील बघायच्याही आधी तपासायचं. त्याला फक्त एक स्टील पट्टी लागते.

मग हिशोब केला. पुढचा स्ट्रोक अर्ध्या सेकंदात होत होता, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ०.५६ मीटर. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, असं केलं तर ६.३ ज्यूल येतात. त्या सिलेंडरच्या कॅटलॉगात कुशनची क्षमता ८ ज्यूलच्या आसपास होती, त्यामुळे कागदावर सगळं ठीक. पण सिलेंडर उभ्या अवस्थेतून निघतो, शेवटी त्याचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो. अंदाजासाठी मी सरासरीच्या १.४ पट धरतो. तसं धरलं की वेग ०.७९ आणि ऊर्जा साडेबारा ज्यूल. म्हणजे सिलेंडर पुढे सरकवून पूर्ण कुशन वापरात आणला असता तरी त्या वेगाला तो कमीच पडला असता.

वेग कमी करणं हा इथे प्रामाणिक उपाय आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने घटते. शेवटचा वेग ०.५ वर आणला तर ५ ज्यूल उरतात आणि स्ट्रोकला जेमतेम ०.३ सेकंद जास्त लागतात. सायकलमध्ये तेवढी सवड असेल तर सिलेंडरचं माउंटिंग सरकवून पूर्ण कुशन वापरा, एकही नवीन पार्ट लागणार नाही. या शॉपमध्ये अडचण दुसरी होती: जॉबची जागा त्या स्टॉपरवरूनच ठरत होती. स्लाइड तिथेच थांबायला हवी होती, सिलेंडरच्या कॅपवर नाही.

म्हणून तिथे शॉक अॅब्सॉर्बरच लागला. पण तो निवडताना साडेबारा ज्यूलवर थांबलं तर त्यातून काही महिन्यांत तेल गळू लागतं. स्लाइड थांबत असताना मागून पिस्टन ढकलतच असतो. ६३ बोअरला ६ बारवर रेटा सुमारे १८७० न्यूटन. अॅब्सॉर्बरचा स्ट्रोक २५ मिलिमीटर धरला तर या ढकलण्याचेच ४७ ज्यूल होतात, म्हणजे एकूण साठ. पिस्टनपुढच्या हवेचा विरोध मी मुद्दाम सोडून दिला, कारण सकाळच्या पहिल्या स्ट्रोकला तो नसतो. साठला पुरून उरेल असा, आणि दर तासाच्या एकूण ऊर्जेतही बसणारा अॅब्सॉर्बर घेतला. स्लाइडच्या मध्यरेषेवर, जोर तिरका पडणार नाही असा बसवला. स्टॉपर काढला नाही. अॅब्सॉर्बरचा रॉड तळाला टेकायला एक मिलिमीटर उरलेला असताना स्लाइड स्टॉपरवर बसेल असं जुळवलं, म्हणजे शेवटचा भार लोखंडावर आणि जागाही पूर्वीचीच.

स्टॉपरला नवा बोल्ट घातला आणि चेकनटवर रंगाची रेघ ओढली. सहा आठवड्यांनी गेलो तेव्हा रेघ सरळ होती आणि बोल्टच्या डोक्यावरचा काळा रंग शाबूत होता.