चालेल, पण किती वाजता?

परदेशातल्या नव्या माणसाची मेल येते, ‘एकदा बोलूया का?’ आणि माझ्या पोटात गोळा येतो. बोलायला माझी ना नाही. पण बोलण्याआधी कधी बोलायचं हे ठरवावं लागतं. ‘तुम्हाला कधी जमेल?’ ‘मला कधीही, तुम्ही सांगा.’ ‘छे छे, तुम्हीच सांगा.’ समोरासमोर हे अर्ध्या मिनिटात आटोपतं. इथे मी लिहितो तेव्हा ते झोपलेले आणि ते लिहितात तेव्हा मी. नम्रतेची एकेक फेरी एकेक दिवस खाते.

म्हणून पहिल्याच उत्तरात मी बोलण्याच्या दोन वेळा आणि माझी मोकळी वेळ निवडता येईल अशी एक बुकिंग लिंक देऊन मोकळा होतो. एकच वेळ दिली तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं. पाच दिल्या तर माणूस ‘निवांत बघू’ म्हणतो आणि ती निवांत वेळ कधी येत नाही. शिवाय त्या पाचही जागा तोवर मला माझ्या कॅलेंडरात अडवून ठेवाव्या लागतात.

न्यूयॉर्कच्या एका गृहस्थांना मी मार्च २०२६ च्या पहिल्या आठवड्यात असंच उत्तर लिहायला बसलो. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात साडेदहा तासांचं अंतर. पण वेळ द्यायची होती मंगळवार, १० मार्चची, आणि ८ तारखेच्या पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे सरकणार होती. म्हणजे अंतर उरणार साडेनऊ. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे त्या आठवड्यापर्यंत माझे संध्याकाळचे सात; मंगळवारी मात्र सहा. आजचं अंतर धरून पुढच्या आठवड्याची वेळ दिली की एक जण तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसणार, हे ठरलेलं. त्यामुळे बोटांवर हिशेब करण्यापेक्षा मी कॅलेंडरात त्याच तारखेवर नोंद उघडतो, शहर न्यूयॉर्क निवडतो आणि ते सांगेल ते मान्य करतो. (युरोपातली घड्याळं हलणार होती थेट २९ मार्चला. मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कवाल्यांचंही आपसातलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं असतं, हे आठवलं की जिवाला बरं वाटतं.)

आता लिहायचं कसं? नुसतं ‘आयएसटी’ लिहिलं तर भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघेही ती वेळ आपलीच समजू शकतात. ‘१०/३’ लिहिलं तर अमेरिकेतला माणूस ऑक्टोबर महिना काढून बसेल. म्हणून वार, महिन्याचं नाव आणि शहर, तिन्ही लिहायचं. आणि त्यांची वेळ आधी, माझी नंतर:

‘मंगळवार, १० मार्च: न्यूयॉर्क सकाळी ८:३०, भारत संध्याकाळी ६:००. किंवा गुरुवार, १२ मार्च: न्यूयॉर्क सकाळी १०:००, भारत संध्याकाळी ७:३०.’

दोन्ही दिवशी साडेआठच दिले असते तर तो एकच पर्याय दोनदा झाला असता. ज्याला साडेआठला रोज मुलं शाळेत सोडायची असतात, त्याला मंगळवार काय आणि गुरुवार काय!

लिंक सर्वांत शेवटी. सुरुवातीलाच टाकली तर ‘टोकन घ्या आणि बसा’ असा सूर लागतो. तिची एक सोय मात्र मानली पाहिजे: ती बहुधा समोरच्याच्या यंत्रावरची वेळ ओळखून त्याच वेळेत मोकळ्या जागा दाखवते. फक्त आपल्या कामाचे तास तिला आधी सांगून ठेवावे लागतात, नाहीतर ती आपली मध्यरात्रही आनंदाने विकते.

खरी मेख पुढे आहे. त्या दोन वेळा मी कॅलेंडरात ‘व्यग्र’ म्हणून अडवतो, नाहीतर लिंकवरून तिसराच कुणी येऊन मंगळवार उचलून नेईल. पण अडवल्या की त्या लिंकवर कुणालाच दिसत नाहीत, या गृहस्थांनासुद्धा! ते मंगळवार साडेआठ शोधणार, तो दिसणार नाही, आणि त्यांना वाटणार की मी शब्द फिरवला. म्हणून एक वाक्य जास्तीचं: ‘या दोन्ही वेळा शुक्रवारपर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे त्या लिंकवर दिसणार नाहीत. दोन्ही गैरसोयीच्या असतील तरच लिंकवरून दुसरी निवडा.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘हो, चालेल!’

दोन्हींपैकी काय चालेल? हे विचारायचं म्हणजे आणखी एक दिवस गेला. मी विचारलंच नाही. मंगळवारचं निमंत्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘गुरुवार बरा वाटला तर कळवा, तोही अजून राखलेला आहे.’

त्यांनी मंगळवार लगेच स्वीकारला. आणि हाताशी होतीच म्हणून लिंकवरून बुधवारही बुक केला.