'सगळीच छान आहेत'

चित्रप्रदर्शनात टेबलावर जी अभिप्रायाची वही उघडून ठेवलेली असते, ती दिसली की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. या वेळी ते जमलं नाही, कारण प्रदर्शन जिवलग मैत्रिणीचं होतं आणि वहीसकट तीच समोर उभी होती. तेही जहांगीर आर्ट गॅलरीत. तिथे नंबर लागावा म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात आणि हाती येतो जेमतेम आठवडा. एवढ्या तपश्चर्येपुढे 'खूप छान' लिहायला मलाच लाज वाटत होती.

"'सगळीच छान आहेत' असलं काही चालणार नाही," तिने आधीच बजावलं. "एकच चित्र सांग. नाव घेऊन. आणि बघून काय वाटलं ते लिही."

मी उसनी प्रेरणा मिळावी म्हणून वही चाळली. 'अप्रतिम', 'मंत्रमुग्ध झालो', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. एका काकांनी पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर देऊन शेजारी फक्त 'भेट दिली' लिहिलं होतं.

मग फेरी सुरू केली. काचेची फ्रेम ही काय भानगड असते ते तेव्हा कळलं. गडद चित्रासमोर उभं राहिलं की त्यात छताचे दिवे आणि आपला चेहरा दिसतो. त्यामुळे काही चित्रांपुढे मी फारच अंतर्मुख झाले. वाराणसीचा घाट होताच. जलरंगाच्या प्रदर्शनात तो नसला तर पाणी कुठल्या नदीचं वापरलं अशी शंका येते. त्याच्या पाटीवर लाल टिकली, म्हणजे ते विकलं गेलेलं. टिकली नसलेल्या चित्राचं कौतुक करणं जोखमीचं असतं. किमतीची यादी शेजारीच असते आणि 'मग घेऊन टाक की' हे वाक्य हवेत तरंगत असतं.

पण पाय अडले ते कोपऱ्यातल्या एका बारक्या चित्राशी. नाव 'आषाढ'. चाळीची गॅलरी, दोरीवर बनियन, टॉवेल, एक परकर, आणि मागे ओल आलेली भिंत. बघताक्षणी मला जे वाटलं ते वहीत लिहिण्याजोगं मुळीच नव्हतं. विरह नाही, नॉस्टॅल्जिया नाही. मला सरळ कुबट वास आला. आणि उद्या ऑफिसला काय घालायचं याची चिडचिड झाली. बरीच खाडाखोड करून शेवटी तेच लिहिलं: 'आषाढ. हे कपडे परवापर्यंत वाळणार नाहीत. वास येतोय.'

तिने वाचलं. एक क्षण काहीच बोलली नाही. मग दंडाला धरून मला परत त्या चित्रापुढे नेलं.

"बनियन नीट बघ. तिथे रंगच नाहीये."

खरंच नव्हता. तो कोरा कागद होता. तिच्या पद्धतीत पांढरा रंग वापरतच नाहीत. जिथे पांढरं हवं तेवढा कागद आधीपासून सांभाळायचा, कारण एकदा रंग चढला की तो कोरेपणा परत मिळत नाही. म्हणजे अख्खं चित्र तिने एका बनियनला चुकवत रंगवलं होतं.

"आणि ही भिंतीवरची ओल?"

"ती मी काढलेली नाही. कुंचल्यातून थेंब पडला."

रंग ओला चकचकीत असताना थेंब पडला तर बराचसा आत मिसळून जातो. पूर्ण वाळल्यावर पडला तर लगेच टिपून घेता येतो. घात होतो तो मधल्या वेळी: चकाकी गेलेली असते, पण कागद आतून दमट असतो. तेव्हा थेंबातलं पाणी पसरतं, रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि कडेला सोडतं. मध्ये फिकट आणि भोवती गडद, वेडीवाकडी किनार. आमच्या माळ्यावरच्या भिंतीला अगदी तशीच आहे. तिला आधी वाटलं कागद वाया गेला. मग तिने त्याच डागाभोवती भिंत उभी केली.

"पण कागद आतून दमट आहे हे कळतं कसं?"

"बोटांची मागची बाजू लावायची. गार लागला तर अजून ओला."

आई पावसाळ्यात दोरीवरचे कपडे गालाला लावून बघायची, ते हेच! हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "मग हेच लिही ना, 'वास येतोय' काय!" पण खोडू दिलं नाही.

आम्ही टेबलापाशी परत आलो तर एक गृहस्थ माझा अभिप्राय वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला, शांतपणे 'आषाढ'पाशी गेले आणि काचेला नाक लावून हुंगू लागले.

"साहेब, जरा मागून," गार्ड म्हणाला.