कॉलमच्या नावातला ‘वजा एक’ दर फेरीला का लागतो

> “लेख वाचला, पण साधी गोष्ट उगाच अवघड केली आहे. A ते Z म्हणजे २६ अक्षरं, म्हणजे २६ पायाचं नेहमीचं रूपांतर. एक वजा करायचाच तर सुरुवातीला एकदा करावा, दर फेरीला कशाला? माझ्या खालच्या दोन ओळी गेली कित्येक वर्षं बेलापूरच्या ऑफिसात चालू आहेत, एकदाही चुकलेल्या नाहीत.”
>
> ```python
> i = n - 1
> naav = chr(65+i) if i < 26 else chr(64+i//26) + chr(65+i%26)
> ```

नमस्कार. स्प्रेडशीटमधल्या कॉलमच्या क्रमांकावरून त्याचं नाव काढताना, म्हणजे १ ला A आणि २७ ला AA, दर फेरीला एक वजा करावा असं मी लेखात लिहिलं होतं, त्यावर तुमचा हा आक्षेप. कोड दिलात हे फार बरं केलंत, कारण त्यामुळे मोघम बोलावं लागत नाही. तुमच्या दोन ओळी मी चालवून पाहिल्या. पहिल्या कॉलमपासून ७०२व्यापर्यंत, म्हणजे A पासून ZZ पर्यंत, त्या अगदी बरोबर उत्तर देतात. ७०३व्या कॉलमला मात्र AAA यायला हवं तिथे त्या `[A` देतात. `i` असतो ७०२, २६ ने भागल्यावर २७ येतात, ६४ अधिक २७ म्हणजे ९१, आणि ९१ क्रमांकाचं चिन्ह म्हणजे चौकोनी कंस. Z च्या नव्वदनंतर तोच येतो.

इतकी वर्षं चूक दिसली नाही याचंही कारण सरळ आहे. एक्सेल २००३ पर्यंत शीटमध्ये २५६च कॉलम असत आणि शेवटच्याचं नाव IV. तिसऱ्या अक्षराचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे त्या काळासाठी तुमचा कोड पूर्ण होता. एक्सेल २००७ पासून कॉलम १६,३८४ झाले आणि शेवटचं नाव XFD. ऑफिसातली शीट ७०२च्या आत असेल तर आजही काही बिघडणार नाही.

पण ‘नेहमीचं २६ पायाचं रूपांतर’ हे मला मान्य नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच ओळीत आहे. पहिल्या अक्षराला तुम्ही ६४ मिळवता आणि दुसऱ्याला ६५. नेहमीचं रूपांतर असतं तर दोन्ही जागी एकच आकडा आला असता. दोन्हीकडे ६५ ठेवून बघा, २७व्या कॉलमचं नाव AA ऐवजी BA येईल. म्हणजे दुसऱ्यांदा एक वजा करणं तुम्हालाही टळलेलं नाही. ते ६५ च्या जागी ६४ लिहिण्यात दडलंय, इतकंच. तिसरं अक्षर आलं की तिसऱ्यांदा वजा करावं लागतं, आणि त्याला तुमच्या ओळीत जागा नाही.

मुळात अडचण शून्याची आहे. आपल्या दशमान पद्धतीत ९ नंतर १० येतात, कारण एककाच्या जागी ठेवायला शून्य आहे. कॉलमच्या नावांत A म्हणजे १ आणि Z म्हणजे २६. शून्यासाठी अक्षरच नाही. आता शाळेतल्यासारखा भागाकार करू. ५२ ला २६ ने भागलं तर भागाकार २, बाकी ०. २ म्हणजे B, पण ० चं काय? कोड तसाच लिहिला तर `chr(64+0)` म्हणून `@` येतो आणि नाव होतं `B@`. (कुणाच्या शीटमध्ये कॉलमच्या नावात `@` दिसला तर २६ च्या पाढ्यातले आकडे तपासावेत, चूक तिथेच सापडते.) बाकी शून्य आली की भागाकारातून एक परत घ्यायचा आणि बाकी २६ धरायची. ५२ म्हणजे एक सव्वीस आणि वर सव्वीस, म्हणून A आणि Z, AZ. वजाबाकीत हातचा घेतो तसंच हे आहे.

आणि हातचा लागेल त्या प्रत्येक जागी घ्यावा लागतो, एकदा घेऊन भागत नाही. भागण्याआधी एक वजा केला की तो आपोआप घेतला जातो:

```python
def naav(n):
    s = ""
    while n > 0:
        n, r = divmod(n - 1, 26)
        s = chr(65 + r) + s
    return s
```

७०३ घालून बघा. एक वजा, ७०२. भागाकार २७, बाकी ०, अक्षर A. पुढच्या फेरीत २७ मधून एक वजा, २६. भागाकार १, बाकी ०, पुन्हा A. शेवटी १ मधून एक वजा, ०, तिसरा A. तुम्ही म्हणता तसं सुरुवातीला एकदाच वजा करून पुढे नेहमीचा भागाकार चालवला, तर ७०२ चे आकडे १, १, ० असे निघतात आणि नाव येतं BBA.

हे कागदी उदाहरण नाही. घोडबंदर रोडवरच्या एका गृहसंकुलाची टँकरची शीट माझ्याकडे असते. A मध्ये इमारत, B मध्ये टाकीची क्षमता आणि C पासून रोजचा एक कॉलम, १ जानेवारी २०२३ पासून. आधी कुणीतरी लिहून दिलेली स्क्रिप्ट तुमच्यासारख्याच दोन ओळींवर चालत होती. ३० नोव्हेंबर २०२४ ची नोंद ZZ मध्ये नीट पडली. १ डिसेंबरला कॉलम आला ७०३वा, स्क्रिप्टनं पत्ता बनवला `[A5` आणि गूगल शीट्सनं तो नाकारला. समितीला वाटलं पासवर्ड बदलला असेल.

एका अर्थी ते बरंच झालं, कारण चूक लगेच कळली. BA सारखी चूक जास्त वाईट. BA नावाचा कॉलम खरोखर असतो, तो ५३वा. २७व्या कॉलमचा आकडा मुकाट्यानं तिथे जाऊन बसतो आणि कुठलाही एरर येत नाही.

उलट दिशेला, नावावरून क्रमांक काढताना, हा एक वजा करावा लागत नाही:

```python
def kramank(s):
    n = 0
    for c in s:
        n = n * 26 + ord(c) - 64
    return n
```

XFD साठी २४ गुणिले ६७६, अधिक ६ गुणिले २६, अधिक ४, बरोबर १६,३८४. फक्त अक्षरं मोठ्या लिपीतलीच हवीत. `aa` दिलंत तर उत्तर २७ ऐवजी ८९१ येतं आणि तेही बिनबोभाट, म्हणून आधी `s.upper()` करून घ्यावं.

तुमची चाचणी कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बरेच जण क्रमांकाचं नाव करतात, नावाचा परत क्रमांक करतात आणि तोच आला की समाधान मानतात. एवढ्यावर विसंबू नका. A म्हणजे ० धरून दोन्ही दिशांना नेहमीचं २६ पायाचं रूपांतर लिहिलं तर ही चाचणी पास होते, आणि तरी Z नंतर BA च येतं. दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या असतात. म्हणून शीटमध्ये डोळ्यांनी दिसणारी नावं मिळवून बघावीत: २६ ला Z, २७ ला AA, ७०२ ला ZZ, ७०३ ला AAA आणि १६,३८४ ला XFD. गूगल शीट्समध्ये १८,२७८ ला ZZZ, तीन अक्षरं तिथे संपतात.

बेलापूरच्या शीटबद्दल एक सांगतो. जुन्या नोंदींना हात लावायची गरज नाही, ७०२ पर्यंतची सगळी नावं तुमच्या कोडनं बरोबरच दिलेली आहेत. दोन ओळींच्या जागी वरचं `naav` ठेवा आणि `n` पूर्वीसारखाच १ पासून द्या. तुमची `i = n - 1` ही ओळ मात्र काढायला विसरू नका. ती राहिली आणि `naav` ला `n` ऐवजी `i` दिला गेला, तर सगळ्या नोंदी एकेक कॉलम डावीकडे सरकतील.